उद्देशाच्या रकान्यातला शिक्का

"इंग्रजी शिकायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती हो?"

हा प्रश्न सरांना वर्षाकाठी तीनशे वेळा तरी विचारला जायचा, आणि तीनशे वेळा ते एकच उत्तर द्यायचे. रोज पेपर वाचा, दहा शब्द पाठ करा, आरशासमोर बोला, सिनेमे बघा, आणि मुख्य म्हणजे काळ पक्के करा. बारा काळ आले की इंग्रजी आलंच. या बारा काळांपायी मुलांनी त्यांचं नाव बाराकाळे सर ठेवलं होतं. गंमत म्हणजे खालच्या चष्म्याच्या दुकानदाराला ते त्यांचं खरं आडनाव वाटायचं. सरांनीही कधी त्याला दुरुस्त केलं नाही.

क्लास त्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. एक लांब खोली, चौदा बाकं, एक पांढरा फळा, आणि दाराशी लाकडी काउंटर. काउंटरवर सरांची बायको बसायची. तिला सगळे मॅडम म्हणत, आणि क्लास खरा तीच चालवते असंही म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. सर शिकवायचे तेवढं, बाकी फॉर्म, बॅचा, चाव्या सगळं तिच्या हातात.

त्या दिवशी सर काउंटरपाशी उभ्या उभ्या चहा पीत होते. एक बाई जिना चढून आल्या. पंचावन्न-छप्पन्नच्या असतील. साधे कपडे, केस घट्ट बांधलेले, आणि हातांना ब्लीचिंगचा वास, तो काउंटरच्या या बाजूलाही आला. धाप शांत होईपर्यंत त्यांनी दम घेतला आणि मग तोच प्रश्न विचारला. सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

सरांनी चहाचा घोट घेतला आणि कॅसेट लावली. पेपर, दहा शब्द, आरसा, सिनेमे, काळ.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मला आपलं बोलता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि समजलं पाहिजे."

"येईल की. आमच्याकडे लोक शून्यातून बोलायला लागलेत."

इथे सरांनी फक्त एवढंच विचारायचं होतं, "कुणाशी बोलायचंय?" दोन शब्द. पण बाई संकोचल्या होत्या आणि सरांचा चहा निवत होता. त्या ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या, आणि यांनी भांडं पुढे करा म्हणून सांगितलं नाही. हल्ली ते कुणालाच सांगत नव्हते.

मॅडमनी फॉर्म काढला. नाव, पत्ता, काम. काम, रुग्णालयाच्या धुलाईखान्यात. शिक्षण, सातवी. त्याखाली तीन रकाने होते. उद्देश. सध्याची पायरी. रोजचा वेळ. मॅडमनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि ठक् करून उमटवला. 'आत्मविश्वास वाढवणे.' दुसरा शिक्का. 'बेसिक.' तिसरा. 'एक तास.' तीन ठक्, आणि बाई संध्याकाळच्या बॅचमध्ये.

हे तीन रकाने सरांनीच काढले होते, अठरा वर्षांपूर्वी, क्लास सुरू केला तेव्हा, हाताने, पट्टी घेऊन. तेव्हा ते येणाऱ्या प्रत्येकाला खिडकीशी खुर्चीवर बसवायचे. कशासाठी शिकायचंय, ते खोदून खोदून विचारायचे. मग अर्ध्या मिनिटाचं बोलणं ऐकवायचे, एक उतारा वाचायला द्यायचे, दोन मिनिटं बोलायला लावायचे. लोक आपण होऊन सांगतात ती पायरी आणि त्यांची खरी पायरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे त्यांना तेव्हा चांगलं ठाऊक होतं. वाचता येणाऱ्याला ऐकलेलं कळत नाही, बोलणाऱ्याला लिहिता येत नाही. शेवटी विचारायचे, रोज खरोखर किती वेळ? मनातला नको, हातातला सांगा.

त्या काळात एक ड्रायव्हर आला होता. त्यालाही 'सगळ्यात चांगली पद्धत' हवी होती. खोदल्यावर कळलं की त्याला परदेशी पाहुण्यांना विमानतळावरून हॉटेलात सोडायचं असतं, बास. सरांनी त्याला वीसएक वाक्यं काढून दिली. सामान मागे ठेवू का, वाटेत थांबायचंय का, अजून किती वेळ लागेल, कृपया हळू बोला. गाडीत गिऱ्हाइकाची वाट बघत तो ती ऐकायचा आणि म्हणायचा. पाच आठवड्यांत त्याचं काम झालं. त्याच महिन्यात परदेशी नोकरीच्या मुलाखतीसाठी एक वायरमन आला, त्याला वेगळंच दिलं. कॉलेजची एक मुलगी लेखी परीक्षेसाठी आली, तिला तिसरंच.

आणि तिघंही काम झाल्यावर निघून गेली. तिथेच तर गोम होती. ज्याला नेमकं मिळतं तो पाच आठवड्यांत जातो, आणि चाळीस जणांना चाळीस वाटा आखून देता देता एका माणसाचा जीव जातो. म्हणून मग बॅच आली, बॅचबरोबर बारा काळ आले, आणि नऊ वर्षांपूर्वी सरांनी स्वतः जाऊन तीन रबरी शिक्के करून आणले. सब घोडे बारा टके. उद्देशाच्या शिक्क्यावर काय घालायचं याचा त्यांनी दुकानात उभं राहून मिनिटभर विचार केला होता. आत्मविश्वास कुणाला नको असतो?

बाई तिसऱ्या बाकावर बसायला लागल्या. वर्गात सगळी वीस-बावीसची पोरं, त्यांनी त्यांना मावशी करून टाकलं. मावशींची वही बघण्यासारखी असायची. पानाची घडी घालून बरोबर मधोमध रेघ, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. चादरींना घड्या घालून घालून हाताला तसं वळणच लागलं होतं. रोज एक तास अभ्यास करा, असं सर वर्गाला सांगायचे. मावशींकडे तास नव्हता. धुलाईखान्यातल्या मोठ्या मशीनचा एक फेरा बावीस मिनिटांचा. त्या फेऱ्यात, ओल्या फरशीवर उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्या चालू काळ, पूर्ण काळ, चालू पूर्ण काळ लिहून काढायच्या. वहीची कड नेहमी थोडी दमट असायची.

चौथ्या महिन्यात त्या उभ्या राहून म्हणाल्या की मी सकाळपासून काम करत आले आहे. इंग्रजीतून, एकही चूक न करता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी घरी जेवताना बायकोला बोलूनही दाखवला.

मधे दोनदा मावशी वर्ग सुटल्यावर मागे थांबल्या होत्या. एकदा विचारलं, "सर, समोरचं माणूस भराभरा बोलायला लागलं तर काय करायचं? मला शब्द सुटेच येत नाहीत कानात. सगळा एकच दोरा येतो."

"ते आपोआप जमतं, मावशी. आधी पाया, मग कळस."

दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सर, लहान मुलांचं इंग्रजी वेगळं असतं का हो?"

"इंग्रजी एकच असतं, मावशी," सर फळा पुसत म्हणाले. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

मग मावशी तीन आठवडे आल्या नाहीत. गळतात लोक. मॅडमनी हजेरीत रेघ मारली.

आल्या त्या एका शनिवारी, दुपारी, वर्ग रिकामा असताना. सर पुढच्या बॅचच्या झेरॉक्स लावत होते. मावशी बाकावर बसल्या नाहीत. काउंटरपाशीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, माझी मुलगी गेली."

सरांच्या हातातले कागद तसेच राहिले. "कुठे? काय झालं?"

"परदेशात होती. नर्स. तिकडेच लग्न केलं, जावई तिकडचाच. वर्षभर आजारी होती. मला म्हणायची, काही नाही गं, औषधं चालू आहेत. मी रुग्णालयात तीस वर्षं चादरी धुतल्यात, सर. कुठल्या वॉर्डातून कुठल्या चादरी येतात ते मला कळतं. तिने नुसता चेहरा दाखवला तरी कळायचं."

मॅडमनी आतून खुर्ची आणून ठेवली. मावशी बसल्या.

एक नात होती. पाच वर्षांची. दर रविवारी सकाळी दहाला फोन यायचा, चेहरा दिसणारा. मुलगी मधे बसायची आणि दोघींचं बोलणं इकडचं तिकडे करायची. नात तीन वर्षांची होईपर्यंत मराठी बोलायची थोडंथोडं, मग शाळेत गेली आणि विसरली. मावशींना त्याचं कधी काही वाटलं नाही, मधे लेक होती ना. मग पाचेक महिन्यांपूर्वी एका रविवारी लेक म्हणाली, आई, थोडं इंग्रजी शिकून घे हं. सहज म्हटल्यासारखं. मावशी त्याच आठवड्यात हा जिना चढल्या होत्या.

"तुम्ही मला हे तेव्हा का नाही सांगितलं?" सर म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना आपली लाज वाटली.

"काय सांगायचं होतं? लेक मरणार आहे, तिच्या पोरीशी बोलायला शिकवा, असं? तोंडातून काढलं असतं तर खरं झालं असतं." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आणि तुम्ही विचारलं नाहीत."

मॅडम काउंटरवरच्या शिक्क्यांकडे बघत होत्या.

मावशींनी पिशवीतून फोन काढला. तो धुलाईखान्यातल्या सोबतिणीचा होता, गेल्या रविवारचं बोलणं त्यांनी त्यावर भरून घेतलं होतं. "लेक गेल्यावरचा हा पहिला फोन. जावयाने फोन धरला होता. पोरीने मला काहीतरी विचारलं. तीनदा विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. तुम्ही ऐका आणि मला सांगा, तिने काय विचारलं."

सरांनी फोन कानाशी धरला. आधी खरखर, मग एक बारीक आवाज. मूल जसं बोलतं तसं, अर्धे शब्द गिळलेले, दोन वाक्यं एकात घुसलेली, मधेच नाक ओढलेलं. सरांना स्वतःला दोनदा ऐकावं लागलं. बारा काळांतला एकही काळ त्यात धड दिसत नव्हता.

मग मावशींचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, पाठ केलेला. मी सकाळपासून तुझी वाट बघत आले आहे. त्यात कुठेही चूक नव्हती.

पोरीने पुन्हा तेच विचारलं. मावशी पुन्हा म्हणाल्या, माझं नाव अमुक आहे, मी रुग्णालयात काम करते. पोरीने तिसऱ्यांदा विचारलं. मग फोनवर नुसतं रडणं, म्हातारं. आणि अगदी शेवटी, फोनपासून लांब गेलेल्या पोरीचं एक वाक्य, बापाला सांगितलेलं.

सरांनी फोन खाली ठेवला.

"सांगा," मावशी म्हणाल्या.

"तिने विचारलं, आजी, तुला आईचं झोपायचं गाणं येतं का?" सर थांबले. "म्हणाली, बाबाला येत नाही. तू म्हण ना."

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"ते गाणं माझं आहे," त्या म्हणाल्या. "मीच म्हणायचे लेकीला. मीच केलंय ते. चार ओळी आहेत, मराठी." त्यांचा आवाज फुटला. "मराठीच आहे, सर. त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

गाणं म्हणायला इंग्रजी लागत नव्हतं. प्रश्न कळायला लागत होतं. तेवढं एकच वाक्य कानात शिरायला हवं होतं.

"आणि शेवटी काय म्हणाली? लांबून?"

सरांना ते सांगायचं नव्हतं. पण आता लपवायची पाळी आपली नाही, एवढं त्यांना उमगलं. "बापाला म्हणाली, हिलापण येत नाही."

सर खिडकीशी गेले. जुनी खुर्ची अजून तिथेच होती, तिच्यावर झेरॉक्सचे गठ्ठे होते. त्यांनी गठ्ठे जमिनीवर ठेवले आणि मावशींना खुर्चीवर बसवलं. एक कोरा कागद घेतला. नऊ वर्षांनी त्यांनी ते तीन प्रश्न विचारले.

कशासाठी, ते आता माहीत होतं. पाच वर्षांच्या एका पोरीचं बोलणं, आठवड्यातून दहा मिनिटं, फोनवर. किती येतं, ते त्यांनी तपासलं. मावशींना सावकाश वाचता येत होतं, वाक्य बिनचूक लिहिता येत होतं, आणि ऐकलेलं जवळजवळ काहीही कळत नव्हतं. चार महिने त्यांनी मावशींना ऐकायला काही दिलंच नव्हतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा कारभार झाला होता. वेळ किती? मशीनचे दोन फेरे. चव्वेचाळीस मिनिटं, आवाजात. ऐकायला उपयोगाची त्यातली पहिली बावीसच, कारण दुसरा फेरा पिळायचा असायचा आणि तेव्हा मशीन बोंबलत असायचं.

"पुरतील?" मावशींनी विचारलं.

"पुरले असते," सरांच्या तोंडून गेलं.

मावशींनी ते धरलं. "म्हणजे?"

"म्हणजे," सर कागदाकडे बघत म्हणाले, "हे रविवारचे फोन भरून घ्यायचे होते. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायचा, रोज तोच, दहा वेळा ऐकायचा, नीट सुटा होईपर्यंत. मग पुढचा. लहान मूल रोज नवीन काही बोलत नाही, मावशी. तेच ते विचारतं. हे काय आहे, का, कुठे आहे, तू कर ना, मला दाखव. पन्नास-साठ तऱ्हा. त्या कानात बसवायच्या होत्या. आणि तुम्ही म्हणायची वाक्यं फार नाहीत. पुन्हा सांग. हळू बोल. मला दाखव. बाबाला विचारू या. लेक मधे बसलेली असतानाच हे करायचं होतं, म्हणजे अडलं तर तिने सांगितलं असतं. काळ-बिळ काही नको होते."

"चार महिन्यांत झालं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सगळं नाही. पण दोन महिन्यांत निम्मंअर्धं कळायला लागलं असतं. हा प्रश्न कळला असता."

मावशींनी मान हलवली. रागावल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

"उद्या रविवार," त्या म्हणाल्या. "उद्यापुरतं सांगा."

उद्यापुरतं फार नव्हतं. मला ते गाणं येतं. मी म्हणते, तू ऐक. दोन वाक्यं. सरांनी ती लिहून दिली नाहीत, तोंडी म्हणवून घेतली, घाईच्या आवाजात, हळू आवाजात, मधेच अडवून. पोरीचा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकवला. पंधराव्या वेळी मावशींनी बोट वर केलं. "इथे. इथे 'गाणं' म्हणते ती." विसाव्या वेळी त्यांना 'आई' सुटं ऐकू आलं. त्या हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू काही गुन्हा केला.

रविवारी सकाळी पावणेदहाला त्या क्लासवर आल्या. घरी एकटीने फोन घ्यायची त्यांची छाती नव्हती. सर आणि मॅडम दोघंही आली होती. फोन काउंटरवर, शिक्क्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. मावशी ओठांतल्या ओठांत घोकत होत्या. येतं. म्हणते. ऐक.

दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन आला तेव्हा पडद्यावर एकटा जावई होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मागे स्वयंपाकघर, ओट्यावर भांड्यांचा ढीग. पोर कुठे दिसत नव्हती.

मावशींनी घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. मला ते गाणं येतं.

त्याला कळलं नसावं, किंवा कळून दुखलं असावं. तो सरांकडे बघायला लागला. सरांनी स्वतःची ओळख करून दिली आणि तो बोलायला लागला, हळूहळू, शब्द शोधत. सरांनी ऐकलं. मधे दोनदा काहीतरी बोलले, तिसऱ्यांदा हात जोडून बोलले. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. अठरा वर्षं ते तेच विकत आले होते. समोरचा माणूस मान हलवत राहिला.

"काय म्हणतोय?" मावशींनी विचारलं.

सरांनी सांगितलं. गेल्या रविवारनंतर पोर तीन रात्री झोपली नाही. आजीचा आवाज आईसारखा आहे. फोन बंद झाला की ती आईला हाका मारत घरभर फिरते, कपाटं उघडते. आणि तिला वाटतं की आजीला आई ठाऊकच नाही, म्हणून ती काही सांगत नाही. तेव्हा सध्या फोन नकोत. ती थोडी मोठी झाली की बघू.

"गाणं मी भरून पाठवते म्हणावं. नुसतं गाणं."

सरांनी विचारलं. जावयाने डोळे मिटले. नाही. आत्ता ती भाषाच नको तिच्या कानावर. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे सुचत होतं ते तो करत होता. मावशींकडे बघून त्याने एक वाक्य म्हटलं, अगदी सावकाश, त्यांना कळावं म्हणून. आणि ते त्यांना कळलं. मला माफ करा.

पडदा काळा झाला. मॅडमनी मावशींच्या पाठीवर हात ठेवला. मावशी म्हणाल्या, "हे बरोबर कळलं मला," आणि पिशवी उचलून जिना उतरून गेल्या.

त्यानंतर सरांनी मॅडमना सांगितलं की शिक्के काढून टाक. मॅडम म्हणाल्या, टाकते, पण आधी उद्याच्या अडतीस जणांना खुर्चीवर कोण बसवणार ते सांग. वरातीमागून घोडं दामटणं सोपं असतं. शिक्के डब्यातच राहिले. त्यांची लाज तेवढी सरांना आता रोज वाटायला लागली.

दीड महिन्याने, प्रवेशाच्या दिवसांत, काउंटरवर गर्दी असताना मावशी रांगेत उभ्या राहिलेल्या सरांना दिसल्या. ते त्यांना पुढे बोलवायला गेले तर मावशींनी हाताने थांबवलं. रांगेने आल्या. मॅडम मान खाली घालून फॉर्ममागून फॉर्म हातावेगळे करत होत्या. शिक्का खाली आला आणि मावशींनी रकान्यावर हात ठेवला. शिक्का त्यांच्या हाताच्या पाठीवर उमटला. आत्मविश्वास वाढवणे.

मॅडमनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, मावशी—"

"असू दे. हाताला ब्लीचिंग लागतं रोज, जाईल." मावशींनी पेन मागितलं. "मी सांगते, तुम्ही लिहा. नाहीतर मीच लिहिते."

सर येऊन उभे राहिले.

"उद्देश," मावशी म्हणाल्या. "नातीला पत्र लिहायचंय. दर वाढदिवसाला एक. पाठवायचं नाही, ठेवून द्यायचं. ती अठरा वर्षांची झाली की सगळी एकदम द्यायची. तेव्हा तिला कुणी नको म्हणू शकणार नाही. म्हणजे मला बोलायचं नाही, ऐकायचंही नाही आता. लिहायचंय. तिला वाचता येईल असं." त्यांनी श्वास घेतला. "पायरी, ते तुम्हाला माहीत आहे. वेळ, मशीनचे दोन फेरे. आता आवाजाची अडचण नाही, लिहायला आवाज चालतो. आणि वर्षं तेरा."

रांगेतला पुढचा माणूस एक पाऊल मागे सरकला.

"मी छप्पन्नची आहे," मावशी म्हणाल्या. "तेरा वर्षं माझ्याजवळ आहेत की नाहीत, त्याला तुमच्या फॉर्मात जागा नाही. ती सोडून द्या."

पत्राला काळ लागतात. जे झालं ते, जे होत होतं ते, जे व्हायचं राहिलं ते. सर चार महिने जे चुकून शिकवत होते त्याचा आता उपयोग होणार होता, आणि या गोष्टीची सरांना किळस आली. त्यांनी मावशींना खिडकीशी खुर्चीवर बसवलं, कोरा कागद दिला. पहिलं पत्र कुठून सुरू करायचं, असं विचारलं.

मावशींनी कागदाची घडी घातली, मधोमध. मग शिक्का उमटलेल्या हाताने डावीकडे मराठीत लिहिलं. 'मला ते गाणं येत होतं. मला तुझा प्रश्न कळला नाही.' उजवीकडे तेच इंग्रजीत लिहायला त्यांना बराच वेळ लागला. सरांनी मदत केली नाही, आणि ती लागलीही नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सरांपुढे तपासायला धरला. सरांनी दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.